शेळकेबाईंनी काहीच विचारलं नाही

पवळेसाहेबांचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या इस्पितळात, तपासणीचा रिपोर्ट मिळतो त्या खिडकीसमोर बसले होते. साहेब सहसा मला फोन करत नाहीत, रजेवर असताना तर नाहीच. म्हणून उचलला. ते एवढंच म्हणाले, "वाबळेमॅडम, शेळकेबाई गेल्या. सकाळी बाजारात." मला वाटलं, भाजीला गेल्या. मी म्हटलं, "बरं, मग?" त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, हळू आवाजात, आणि मग समजलं. राहुरीच्या आठवडे बाजारात मेथीच्या जुड्या हातात घेऊन उभ्या होत्या, जरा बसते म्हणाल्या, एका टेम्पोच्या फाळक्याला टेकून बसल्या आणि उठल्याच नाहीत. मी फोन ठेवला तर शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय निघालं हो रिपोर्टमध्ये? वाईट हाय का?" त्यांचा दोष नव्हता. तिथं रडणाऱ्या माणसाला दुसरं काय विचारणार? पण मला हुंदका आवरेना तो त्या प्रश्नानं. कारण जी एकच बाई मला असलं कधी विचारत नव्हती, ती त्या दिवशी सकाळी संपली होती.

शेळकेबाईंना ओळखणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. रत्नमाला शेळके आणि विचारत नव्हती? आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत त्यांच्याइतकी चौकशा करणारी दुसरी व्यक्ती नव्हती. माहेर जामखेडकडचं, सासर राहुरीजवळचं. आवाज असा की माती सुकवायच्या खोलीतून बोलल्या तर फाटकापाशी उभ्या शेतकऱ्याला ऐकू जावं. नवी साडी नेसून आलात तर किंमत, दुकान, आणि रंग जातो का, तिन्ही सांगितल्याशिवाय तुम्हाला खुर्चीवर बसता येत नसे. पवळेसाहेबांच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा का मोडलं हे त्यांनी साहेबांनाच विचारलं होतं, भर मीटिंगमध्ये. नमुना घेऊन आलेल्या शेतकऱ्याला त्या मातीची खोली विचारता विचारता त्याच्या भावकीतल्या वाटण्यांपर्यंत जाऊन पोचत. मी त्यांच्याहून बरीच लहान, पण पदानं बरोबरीची. आमची टेबलं एकमेकींना लागून. मी त्यांना बाई म्हणायचे, त्या मला नुसतं वाबळे.

मग मी आजारी पडले. कोणता आजार, ते इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि या लेखाला त्याची गरज नाही. मोठा होता, वर्षाच्या वर त्यानं घेतलं, आणि त्यात केस, नखं, भूक, सगळं एकेक करून गेलं. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ असे. माणसं प्रेमानंच येत. पण पलंगाशेजारी बसली की त्यांची नजर आधी माझ्या डोक्यावरच्या रुमालावर जायची, मग तिथून घाईनं भिंतीकडे. कुणी विचारी, कितव्या पायरीवर सापडलं? कुणी म्हणे, आमच्या मावसभावाला अगदी हेच होतं, आणि पुढं एकदम गप्प होई, कारण तो मावसभाऊ राहिला नव्हता. मी नवऱ्याला सांगितलं, आता दार लावून घे. तेव्हा अंगातलं औषध सोसत होतं, पण ती तोंडं सोसत नव्हती. खरं सांगायचं तर आजार बरा होण्यापेक्षा एक गोष्ट मला जास्त हवी झाली होती. कुणीतरी माझ्याशी एखादं साधं, कामाचं, कंटाळवाणं वाक्य बोलावं. त्यासाठी मी तडफडत होते. आणि जसजशी कामावर रुजू व्हायची वेळ जवळ येऊ लागली तशी मला धडकी भरू लागली. प्रयोगशाळा म्हणजे पुन्हा तीच तोंडं, आणि तिथं दार लावता येणार नाही. राजीनाम्याचा मजकूर मी मनात कितीदा जुळवला होता.

रुजू होण्याच्या आठवड्यात शेळकेबाई घरी आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मी डोक्यावरचा रुमाल सारखा करून बसले. त्यांनी चहा घेतला, आमच्या ओट्याची फरशी कुठून आणली ते विचारलं, आणि मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "हे बघ, तू सोमवारी येणार हायस. लोकं मलाच विचारनार. त्येंना किती सांगायचं, त्ये तू सांग. तेवढंच सांगीन."

मला तोवर असं कुणी विचारलं नव्हतं. आजार माझा, पण त्याची बातमी माझी कधी नव्हतीच, ती गावाची झाली होती. मी म्हटलं, "आजारी होते, आता कामावर येतेय. एवढंच."

"बरं. आता कामाचं. डॉक्टरनं काय करू दिलंय आनि काय न्हाई?"

मी सांगितलं. सुरुवातीला अर्धा दिवस. आम्लाच्या वाफेत थांबायचं नाही, मातीची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही, ओझं उचलायचं नाही, गर्दीत उभं राहायचं नाही. बोटांची टोकं बधिर आहेत, ते मात्र सांगायचं राहिलं. की मी मुद्दामच राखून ठेवलं, आता आठवत नाही. बाई मान हलवत ऐकत होत्या. का, कशानं, कधीपर्यंत, यातलं एक अक्षर नाही. उठताना म्हणाल्या, "थकलीस तर मला सांगायचं. दुसऱ्या कुनाला सांगायची गरज न्हाई. मी काय कारन सांगायचं ते बघते." आणि गेल्या.

प्रयोगशाळेत त्यांनी काय केलं ते मला फार नंतर पवळेसाहेबांकडून कळलं. साहेबांनी माझ्या स्वागताचा कार्यक्रम ठरवला होता. शाल, श्रीफळ, संचालकांचं भाषण, फाटकावर माझ्या फोटोचा फलक. बाई त्यांच्या केबिनमध्ये शिरल्या आणि म्हणाल्या, "साहेब, फलक लावला तर ती फाटकातनंच माघारी जाईल." साहेब म्हणाले, अहो, पण कौतुक नको का करायला? बाई म्हणाल्या, "कौतुक करायचं तर तिची खुर्ची तिथंच ठेवा, आनि तिचं काम तिला द्या." मग त्यांनी आम्हा सगळ्यांना, म्हणजे मी सोडून सगळ्यांना, दुपारच्या डब्याच्या वेळी गोळा केलं आणि बजावलं. बारीक झालीस म्हणायचं नाही. छान दिसतेस हेही म्हणायचं नाही, कारण त्याचा अर्थ तिला कळतो. कुणाच्या मावशीची, आत्याची, शेजारणीची गोष्ट सांगायची नाही. घरगुती औषध सुचवायचं नाही. तिनं आपणहून काही सांगितलं तर ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही आणि बाहेर न्यायचं नाही. ज्याला सर्दी-खोकला असेल त्यानं तिच्या टेबलापासून लांब राहायचं, पण तोंडाला पदर लावून पळायचं नाही. "आनि ती आली की उठून उभं ऱ्हायचं न्हाई. साहेब आले तरी उठत न्हाई तुमी." हे साहेबांसमोरच. साहेब सांगताना हसत होते आणि डोळे पुसत होते.

तो सोमवार मला लख्ख आठवतो. नवऱ्यानं मोटारसायकलवरून फाटकापाशी सोडलं. पायऱ्या चढून दारात उभी राहिले. आत सगळे आपापल्या कामात होते. कुणी वर पाहिलं, मान हलवली, पुन्हा खाली घातली. माझी खुर्ची होती तिथंच होती. पुसलेली होती, पण तिच्यावर फूल नव्हतं. शेळकेबाई पाठमोऱ्या होत्या, त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाबळे, ह्यो पीएच मीटर चार दिवस झालं कायबी दाखवतोय. सगळ्या रानाची माती लिंबू पिळल्यागत आंबट झाली म्हन. जरा बघ बरं."

मी बसले. मला वाटलं होतं, काहीतरी खोटंच काम दिलं असणार, लहान मुलाच्या हाती लाटणं देतात तसं. पण मीटर खरंच बिघडलेला होता. काचेच्या कांडीचं टोक कोरडं पडलं होतं, कुणी ती द्रावणात बुडवून ठेवली नव्हती. मी ती धुतली, भिजत ठेवली, आणि मग ज्यांचा आकडा आधीच माहीत असतो अशा दोन द्रावणांत बुडवून मीटर जागेवर आणला. त्यात माझा अर्धा दिवस गेला. त्या अर्ध्या दिवसात मी आजारी आहे हे मला एकदाही आठवलं नाही. वर्षाहून जास्त काळानं असं झालं होतं.

खिडकीवर मात्र परीक्षा होती. शेतकऱ्यांना कोण काय बजावणार? तिसऱ्या-चौथ्या दिवशी काष्टीकडचे एक म्हातारे पिशवीत माती घेऊन आले. माझ्याकडे, माझ्या रुमालाकडे बघत राहिले. "म्याडम, लई दिसांनी? बदली झाल्ती का?" मी नोंदवही उघडली. शेजारून बाई म्हणाल्या, "व्हय, बाहेर हुत्या. नमुना कुठल्या वावरातला हाय? उसाचा का कांद्याचा?" आणि म्हातारे कांद्यावर घसरले ते घसरलेच. बाई खोटंही बोलल्या नव्हत्या. मी बाहेरच होते.

आमच्याकडे मातीतला सेंद्रिय कर्ब मोजतात त्याची रीत अशी, की मातीत नारिंगी रंगाचं एक रसायन आणि तीव्र आम्ल घालायचं. ते उकळल्यासारखं तापतं, वाफ निघते. थंड झालं की रंग दाखवणारं आणखी एक द्रव्य टाकायचं, आणि मग काचेच्या उभ्या नळीतून, ब्युरेटमधून, दुसरं द्रावण थेंब थेंब सोडायचं. गडद जांभळा-निळा रंग एका थेंबाला हिरवा होतो. तो थेंब गाठायचा. नळीची तोटी बोटांनी केसभर फिरवावी लागते, एक थेंब जास्त पडला की नमुना फुकट. आम्ल घालायचं काम बाईंनी न बोलता स्वतःकडे घेतलं होतं. थंड झालेल्या चंबूंची ओळ त्या माझ्यापुढे आणून ठेवत. थेंबांचं काम माझं, पहिल्यापासून माझंच होतं, माझा हात त्यात चांगला होता. आणि आता माझ्या बोटांना ती तोटी लागतच नव्हती. काच हातात आहे की हवा, कळत नव्हतं. पहिल्या दिवशी तीन नमुने गेले. मी ते चंबू धुऊन ठेवले. बाईंनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी आले तर ब्युरेटच्या तोटीवर जाड रबरी नळीचा तुकडा चढवलेला, मोठा, खडबडीत, तळहातानंही फिरवता येईल असा. मी आजूबाजूला पाहिलं. खोलीतल्या सगळ्याच ब्युरेटना तो होता. बाईंच्याही, इतरांच्याही. एकानं विचारलं, बाई, हे काय? बाई म्हणाल्या, "माझी बोटं घसरत्यात. वय झालं. सगळ्यांनी सवय करा."

मी त्या दिवशी खाली मान घालून थेंब सोडत राहिले. जांभळ्याचा हिरवा झालेला मला नीट दिसत नव्हता.

त्यांनी मला जपलं, असं म्हणणं मात्र पूर्ण खरं होणार नाही. महिन्याभरानं मी दोन नमुन्यांचे क्रमांक अदलाबदल करून टाकले. एकाच्या डाळिंबाची माती दुसऱ्याच्या गव्हाला. रिपोर्ट बाहेर जायच्या आधी बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी सगळ्यांदेखत मला झापलं. "वाबळे, लक्ष कुठं हाय? तो मानूस तुझ्या कागदावर खत टाकनार हाय. पुन्यांदा सगळं मोज." मोठा आवाज, तोच, फाटकापर्यंत जाणारा. सगळ्यांना वाटलं, हे अती झालं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. सुखानं. वर्षाहून जास्त काळ मला कुणी रागावलं नव्हतं. मरणाऱ्या माणसावर कोण रागावतं? बाई रागावल्या, म्हणजे त्यांच्या लेखी मी राहणार होते.

का वागल्या त्या असं, हे त्यांनी एकदाच सांगितलं. एका उन्हाळ्यातल्या दुपारी, माती सुकवायच्या खोलीच्या दारात बसून. त्यांचे मालक साखर कारखान्यात पाकाच्या विभागात होते. त्यांनाही मोठं आजारपण आलं, लांबलं, आणि उतरलं. कामावर परतले त्या दिवशी हार घातला, पेढे वाटले, आणि मग त्यांना फाटकाजवळ एक खुर्ची दिली. आराम करा म्हणाले. "आराम कसला? येनारा-जानारा इचारायचा, आता कसं वाटतंय? दिसातनं शंभरदा. चहाचा कप त्येंचा येगळा. कुनी वंगाळ वागलं न्हाई बरं का, वाबळे. समदी गोडच वागली. पन काम कुनी दिलं न्हाई." काही महिन्यांनी ते घरून डबा घेऊन निघत आणि कारखान्यावर न जाता कालव्याच्या कडेला संध्याकाळपर्यंत बसून राहत. बाईंना हे कळायला फार उशीर झाला. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. "डॉक्टर म्हनले, आजार उलटला. आसंल. पन मी डोळ्यानं बघितलंय. आजार उलटायच्या आदीच मानूस उठून गेल्ता." मग त्या म्हणाल्या, "आनि तुला काय वाटतं, मला इचारावंसं वाटत न्हाई? पोटात दुखतंय माझ्या. रोज." आम्ही दोघीही हसलो.

आता त्या दिवसाचं राहिलेलं सांगते. पवळेसाहेबांच्या फोननंतर तासाभरानं खिडकीतून माझं नाव पुकारलं. रिपोर्ट हातात घेतला. मला तो वाचता येतो आता, इतकी वर्षं माती वाचली, हेही शिकले. आजार परत आला होता. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यापासूनची औषधं सांगितली, या वेळी जास्त कडक. मी हो हो म्हणत होते आणि मनात एकच चाललं होतं, हे आता बाईंना सांगायचं म्हणजे काय सांगायचं... आणि मग पुन्हा आठवायचं. राहुरीला पोचेपर्यंत असं कितीदा झालं. अंत्यविधी उरकला होता. माणसं पांगली होती.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. बाईंचं टेबल बघवत नव्हतं. त्यात सगळे माझ्याभोवती जमले. मी त्यांची जवळची, म्हणून. त्यांना काही त्रास होता का? आधी काही बोलल्या होत्या का? शेवटचं काय म्हणाल्या? बजावणारी बाईच गेली होती, तर त्यांना तरी कोण अडवणार? मी आणखी एक रिपोर्ट पर्समध्ये घेऊन तिथं उभी होते आणि मला तो काढायची हिंमत होत नव्हती. मागच्या वेळी परतले तेव्हा माझी खुर्ची कुणीतरी राखली होती. या वेळी मी कुणाच्या भरवशावर जाऊ? आणि मुळात, परत येईन का? हा प्रश्न मी बाईंपुढे कधीच उच्चारला नव्हता. त्या असेपर्यंत तो उच्चारायची गरजच पडली नव्हती. त्या दिवशी तो दिवसभर माझ्या कानाशी होता. अजूनही आहे. या लेखातून काही धीराचं निघावं अशी संपादकांची इच्छा असेल, पण माझ्यापाशी धीर नाही. काम करत असते तेवढ्यापुरता असतो.

दहावं झाल्यावर त्यांच्या घरी गेले. मुलगी प्रज्ञा एकटी होती. पुण्यात नोकरी करते, आता परत जायचं होतं. अंगणात बसून ती म्हणाली, "मावशी, ऑफिसात पाय ठेवायची भीती वाटते. सगळे विचारतील." मी तिला तिच्या आईची रीत सांगितली. तिथल्या एका विश्वासाच्या माणसाला आज फोन कर. किती सांगायचं ते तू ठरव. बाकीच्यांनी फक्त कामाचं बोलावं, असं त्याला सांगायला सांग. ती लक्ष देऊन ऐकत होती. ऐकतानाची तिची मान अगदी बाईंसारखी जराशी डावीकडे कललेली होती.

ती आतून पाणी घेऊन आली तेव्हा माझी पर्स कलंडली आणि इस्पितळाचं पाकीट बाहेर आलं. त्या पाकिटावरचं नाव पाहिलं की या भागात कुणालाही कळतं, ते कशाचं इस्पितळ आहे ते. प्रज्ञानं ते पाहिलं. मी तिच्याकडे पाहतेय, हेही तिनं पाहिलं. मी थांबले, त्या पहिल्या शब्दाची वाट बघत. तिच्या ओठांवर तो आलाही होता, मला दिसला.

तिनं तांब्या माझ्यापुढे ठेवला. पाकीट उचललं, पर्समध्ये नीट घातलं, चेन लावली. मग आत जाऊन सूप आणि मेथीची एक जुडी घेऊन आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"मावशी," ती म्हणाली, "ही एवढी निवडू लागा. काड्या कोवळ्या असल्या तर राहू द्या."

तिनं जुडीचा दोरा सोडला आणि अर्धी माझ्याकडे सारली. बोटांना पानं लागत नव्हती, तरी मी निवडायला घेतली. ऊन अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत आम्ही मेथी निवडत बसलो. तिनं काही विचारलं नाही.